ट्रिपल डीईएस आणि 168 बिटांचं गणित : एका प्रतिक्रियेला उत्तर

वाचकाची प्रतिक्रिया : "56 बिटांची किल्ली तीनदा वापरली की 168 बिट झाली, लहान किल्लीचा प्रश्न तिथंच मिटला. हे शाळकरी गणित आहे, तरी लेखक ट्रिपल डीईएसला नुसती मुदतवाढ म्हणतात. वर्षही चुकलंय. शिवाय ते अजून कितीतरी ठिकाणी चालू आहे. गावाकडच्या ब्लॉगकडून यापेक्षा जास्त अपेक्षा नव्हतीच."

महोदय,

वर्षाबद्दल तुमचं बरोबर आहे. डीईएस या मजकूर गुप्त करण्याच्या अमेरिकी पद्धतीला मंजुरी नोव्हेंबर 1976 मध्ये मिळाली, पण मानक म्हणून ते प्रसिद्ध झालं जानेवारी 1977 मध्ये. लेखात मी दोन्ही एकच करून टाकलं होतं. दुरुस्ती केली, आभार.

तुमचं शेवटचं वाक्य मात्र लागलं. मी परभणीचा आहे. नऊ वर्षं मी नांदेड-परभणी पट्ट्यात एटीएमची देखभाल केली. एकेरी डीईएसचे कीपॅड काढून ट्रिपल डीईएसचे, म्हणजे तीच पद्धत तीनदा लावणारे, बसवायला मी होतो. किल्लीचे दोन भाग दोन वेगळे अधिकारी एकामागून एक भरायचे, आणि तेवढा वेळ मी खोलीबाहेर थांबायचो. हा विषय मी कुठून ऐकून लिहीत नाही. समोरच्याला गावावरून बोलण्याआधी माणसानं थोडा विचार करावा.

आता तुमच्या गणिताकडं वळतो. 56 बिट म्हणजे 2^56 किल्ल्या, सुमारे 72 हजार लाख कोटी. 1998 मध्ये ईएफएफ या अमेरिकी संस्थेनं अडीच लाख डॉलरच्या आत एक यंत्र बांधलं. ते सेकंदाला 9 हजार कोटी किल्ल्या तपासायचं. सगळ्या तपासायला त्याला नऊ दिवसांपेक्षा थोडा जास्त वेळ लागला असता. बरोबर किल्ली 56 तासांत, म्हणजे पाव भाग तपासून होताच, सापडली. डीईएसच्या रचनेला त्यासाठी हात लावावा लागला नाही, नुसतं मोजणं पुरलं.

मग दोन कुलपं लावू, 112 बिट होतील, असं वाटतं. तीन आकडी दोन कुलपं घ्या. तुमच्या हिशोबानं 10 लाख जोड्या तपासाव्या लागतील. पण मूळ मजकूर P आणि बंद मजकूर C दोन्ही हाती असतील, तर मी P ला पहिल्या कुलपाच्या हजार किल्ल्या लावून उत्तरांचा तक्ता करतो. मग C दुसऱ्या कुलपाच्या हजार किल्ल्यांनी उलट सोडवतो आणि तक्त्यात जुळणी शोधतो. E म्हणजे बंद करणं, D म्हणजे उलट सोडवणं, K1 आणि K2 म्हणजे दोन कुलपांच्या किल्ल्या:

```
E(K1, P) = D(K2, C)
```

काम झालं दोन हजारांत. डीईएसला हेच लावलं की 2^112 ऐवजी साधारण 2^57 खटाटोप पुरतो. डीईएस मजकूर तुकड्यातुकड्यानं बंद करतं, आणि हा तुकडा म्हणजे ब्लॉक 64 बिटांचाच असल्यानं फसव्या जुळण्या ढीगभर निघतात, म्हणून P आणि C ची दुसरी जोडी लागते. तक्ता साठवायला सुमारे एक एक्झाबाइट जागा हवी, हीच काय ती अडचण. खटाटोप जेमतेम दुप्पट होतो, म्हणून दुहेरी डीईएस कुणी मानक केलं नाही. ही वजाबाकी तुमच्या शाळकरी गणितात कुठं बसते, ते तुम्हीच सांगा.

तिहेरीत हीच युक्ती एका बाजूला एक कुलूप आणि दुसऱ्या बाजूला दोन अशी वापरतात. तक्ता 2^56 चा, पण दुसऱ्या बाजूचं काम 2^112. म्हणून तीन वेगळ्या किल्ल्या घेऊनही बळ 168 नव्हे, 112 बिटांचंच. तेवढंही नुसतं मोजून फुटत नाही, हे मी मान्य करतो, आणि म्हणूनच मी त्याला मुदतवाढ म्हणालो. किल्लीची लांबी वाढवली, ब्लॉकला कुणी हात लावला नाही.

तो 64 बिटांचाच राहिला. एकाच किल्लीनं 2^32 ब्लॉक, म्हणजे सुमारे 32 जीबी, बंद केले की दोन बंद ब्लॉक तंतोतंत सारखे निघण्याची शक्यता बरीच वाढते. सीबीसी पद्धतीत प्रत्येक ब्लॉक आधीच्या बंद ब्लॉकात मिसळून बंद करतात; तिथं तसं झालं की त्या दोन मूळ ब्लॉकांचा एक्सॉर, म्हणजे कुठले बिट वेगळे आहेत ते, उघड होतो. एक ब्लॉक आधीच ठाऊक असेल तर दुसराही गेला. 2016 मध्ये भार्गवन आणि लरॉं यांनी 785 जीबी वाहतूक जमवून ब्राउझरची गुप्त कुकी अशीच काढून दाखवली. इथं किल्ली 168 बिटांची असो की हजार बिटांची, काही फरक पडत नाही. 2017 मध्ये निस्ट या अमेरिकी मानक संस्थेनं एका किल्लीवर 2^20 ब्लॉक, म्हणजे जेमतेम 8 एमबी, अशी मर्यादा घातली, आणि 2023 संपल्यावर नवा मजकूर बंद करायला ट्रिपल डीईएसची परवानगीच काढून घेतली.

अजून चालू आहे म्हणता, त्यावर एवढंच : आधी बंद केलेला जुना मजकूर उलगडायला मुभा आहे, आणि जुनी यंत्रं कुणी बदलली नाहीत. लेखातला "मुदतवाढ" हा शब्द मी बदलणार नाही.