गजऱ्यावर ड्रॉपर टाकून चेहऱ्याचा रंग का सुधारत नाही

एका वाचकाची प्रतिक्रिया:

"लेख वाचला. शाळेच्या गॅदरिंगमधल्या एका फोटोसाठी एवढा खटाटोप कशाला? मुलीच्या केसांत पांढरा गजरा आहे. त्यावर व्हाइट बॅलन्सचा ड्रॉपर टाकायचा, काम संपलं. आणि एवढं करूनही तुमच्या फोटोत कानाजवळ, खांद्यावर गुलाबी राहिलंच आहे. चेहरा जरा उजळ केला असता तर आईवडिलांनाही आवडला असता. नाहीतर सरळ ब्लॅक अँड व्हाइट करायचा."

उत्तर:

सविस्तर लिहिलंत, त्याबद्दल आभार. गॅदरिंगमध्ये लावणी करणाऱ्या मुलीच्या चेहऱ्यावरचा किरमिजी उजेड मी फोटोशॉपमध्ये कसा कमी केला, याबद्दल तो लेख होता. मीही सविस्तरच उत्तर देतो, कारण यातला प्रत्येक मुद्दा गॅदरिंगचे फोटो काढणाऱ्या पुष्कळ जणांच्या मनात असतो.

आधी ड्रॉपर. ड्रॉपर ज्या ठिपक्यावर टाकाल तो करडा-पांढरा व्हावा म्हणून लाल, हिरवा आणि निळा या तीन चॅनेलना प्रत्येकी एका आकड्याने गुणतो, आणि तोच गुणाकार अख्ख्या फोटोला लावतो. आता या फोटोतली प्रकाशयोजना बघा. मुलीच्या पाठीमागून निळा दिवा आहे. समोरून, आपल्या डाव्या हाताला, एलईडी पार जातीचा किरमिजी दिवा आहे. उजवीकडून शाळेचा साधा पांढरट फेसलाइट थोडासा पडतोय. गजरा अंबाड्यावर, म्हणजे निळ्या दिव्यात. 0 ते 255 च्या मापात तिथे आकडे येतात लाल 88, हिरवा 74, निळा 214. हे पांढरं करायचं म्हणजे निळा खाली ओढायचा आणि लाल वर न्यायचा. पण चेहऱ्यावर लाल आधीच काठोकाठ भरलेला आहे. त्यात आणखी लाल ओतला की गाल विटेच्या रंगाचा होतो. गजरा पांढरा दिसतो हे खरं, पण चेहरा आधीपेक्षा वाईट होतो. रंगमंचावर जितके दिवे, तितके वेगवेगळे पांढरे असतात. चेहऱ्यावर ज्या दिव्याचा उजेड आहे त्याच उजेडातला पांढरा हवा.

समजा, तसा पांढरा मिळाला. नथीचा मोती अगदी त्याच किरमिजी उजेडात आहे. ड्रॉपरची दिशा आता बरोबर येते, पण पुढची अडचण मोठी आहे. एलईडी पारमध्ये किरमिजी रंग करताना लाल आणि निळे डायोड पेटतात, हिरवे बंद राहतात. लाल साधारण 620 ते 630 नॅनोमीटरच्या आसपास, निळा 450 ते 470 च्या आसपास, आणि मधे जवळजवळ काहीच नाही. पूर्वीच्या हॅलोजनवर जिलेटिनचे रंगीत कागद लावायचे, तेव्हा प्रत्येक रंगाचा थोडाफार उजेड तरी पाझरायचा. इथे हिरव्या चॅनेलला मिळतो तो फक्त उरलासुरला उजेड. गुणाकार करून आहे तेच वाढतं, जे नाही ते येत नाही. हिरव्याला चारने गुणलं तर त्यातला नॉइजही चारने गुणला जातो, म्हणजे दोन स्टॉपचा फरक. आयएसओ 3200 चा फोटो तेवढ्या चॅनेलपुरता 12800 सारखा दिसायला लागतो आणि गालावर हिरवे-जांभळे ठिपके उमटतात.

आणि नेमका हिरवा चॅनेलच चेहऱ्यासाठी सगळ्यात मोलाचा. रक्तातलं हिमोग्लोबिन 540 ते 580 नॅनोमीटरच्या पट्ट्यात प्रकाश जोरात शोषतं. त्यामुळे ओठांची कड, गालावरची लाली, पापणीखालचा भाग, चेहऱ्याची ठेवण हे सगळं हिरव्यात ठळक उतरतं. लाल प्रकाशात त्वचा गुळगुळीत, सपाट दिसते. किरमिजी उजेडातले चेहरे मेणाचे वाटतात ते याचमुळे.

म्हणून माझी पहिली पायरी रंगाची नव्हतीच. एक्स्पोजर 1.2 स्टॉप खाली घेतलं आणि कॅमेरा प्रोफाइल व्हिव्हिडवरून न्यूट्रलवर नेलं. स्क्रीनवर गालाचा लाल 255 ला टेकलेला दिसत होता, पण रॉ फाइलमध्ये तो तुटलेला नव्हता. कॅमेरा दिवसाच्या उजेडाचा हिशोब धरून लाल चॅनेल जवळपास दुप्पट करतो, आणि त्या गुणाकारामुळे तो काठाबाहेर जातो. एक्स्पोजर उतरवल्यावर गालाच्या उंचवट्यावर छाया-प्रकाश परत दिसला. दिसला नसता, सपाट लाल पट्टाच राहिला असता, तर तो फोटो मी तिथेच सोडला असता. कॅमेऱ्यातून जेपीईजी घेतलेली असेल तर बहुतेक वेळा असंच होतं, कारण तो तुटलेला लाल फाइलमध्ये कायमचा तसाच लिहिला जातो.

आता मुख्य काम. किरमिजी बाजूच्या गालावर आकडे होते लाल 200, हिरवा 60, निळा 150. हिरवा वाढवायचा, पण त्याला गुणून नाही, शेजारच्या चॅनेलकडून उसना घेऊन. फोटोशॉपमध्ये चॅनेल मिक्सरचा लेयर घेतला. नवा हिरवा असा बनवला: लालचे 30 टक्के, हिरव्याचे 50, निळ्याचे 20. हिशोब करा, 60 अधिक 30 अधिक 30, म्हणजे 120. लालमधून उजळपणा मिळतो. निळ्यातून चेहऱ्याच्या रेषा मिळतात, कारण निळ्या प्रकाशात त्वचेतले बारकावे लालपेक्षा बरेच दिसतात. सगळी उसनवारी लालकडूनच केली असती तर मेणाचा चेहरा तसाच राहिला असता, फक्त रंग बदलून. नवा निळा: निळ्याचे 50 टक्के आणि हिरव्याचे 30, म्हणजे 93. लाल 90 टक्क्यांवर, म्हणजे 180. आता गाल झाला 180, 120, 93. लाल सगळ्यात वर, मग हिरवा, मग निळा, आणि हिरवा लालपेक्षा निळ्याच्या जवळ. निरोगी त्वचा, गोरी असो की काळी, साध्या उजेडात बहुधा याच क्रमाने येते. हेच आकडे तुमच्या फोटोला जसेच्या तसे लागू पडणार नाहीत. दिवा बदलला की आकडेही बदलतात, पण क्रम तपासता येतो.

हा लेयर पूर्ण फोटोला लावायचा नाही, आणि घाईत हीच चूक होते. चेहऱ्याची उजवी बाजू फेसलाइटमध्ये आहे. तिथले आकडे 90, 60, 48, म्हणजे मुळातच बरोबर. तोच मिक्सर त्यावर चालवला की होतात 81, 67, 42, आणि अर्धा चेहरा काविळीसारखा पिवळा पडतो. म्हणून मास्क काळा करून, मऊ ब्रशने, कमी फ्लोवर, फक्त किरमिजी बाजू रंगवली. नाकाच्या कण्यावर दोन्ही उजेड मिसळतात, तिथे ब्रश अर्ध्यावर सोडला. चूक ओळखायची खूण सोपी आहे. फोटो दूर करून नखाएवढा बघा. चेहरा मधोमध दोन रंगांत चिरलेला दिसला तर मास्कची कड कडक झाली आहे.

कुंकू आणि ओठही मास्कमधून वगळावे लागतात. किरमिजी उजेडात कुंकवाचे आकडे 205, 30, 70 होते. मिक्सरमधून ते 185, 91, 44 होतात, म्हणजे कुंकू नारिंगी. लावणीतल्या मुलीच्या कपाळावरचं नारिंगी कुंकू तिच्या आईच्या लगेच लक्षात आलं असतं, आणि फोटो परत आला असता.

कानाजवळचं आणि खांद्यावरचं गुलाबी मी विचार करून ठेवलं आहे. मागचा पडदा किरमिजी, जमीन किरमिजी, बाजूच्या मुलींवरही तोच उजेड. अशा जागी एकाच मुलीची त्वचा पूर्ण दिवसाच्या उजेडासारखी केली तर ती कापून चिकटवल्यासारखी दिसते. डोळे, नाक, ओठ या भागात दुरुस्ती जास्तीत जास्त ठेवली, चेहऱ्याच्या कडेकडे ती कमी करत नेली आणि खांद्यावर सोडून दिली. प्रकाश कुठून येतोय हे बघणाऱ्याला कळतं आणि चेहराही माणसाचा राहतो. यावर तुमचं-माझं मत वेगळं असू शकतं. मिक्सर लेयरची ओपॅसिटी कमी-जास्त करून हवं तिथे थांबता येतं. मी 80 टक्क्यांवर थांबलो.

उजळ करण्याबद्दल मात्र मी ठाम आहे. रंगीत उजेड काढणं ही दुरुस्ती. मुलीचा रंग बदलणं ही दुरुस्ती नाही, आणि नववीतल्या मुलीच्या फोटोत तर मी ते करणारच नाही. किरमिजी काढताना चेहरा किती गडद ठेवायचा हा प्रश्न खरा आहे, कारण दिव्यामुळे मूळ पातळी कळत नाही. त्यासाठी तिच्या आईकडून मेकअपच्या खोलीत खिडकीजवळ काढलेला मोबाइलचा फोटो मागून घेतला. चेहऱ्याची तुलना त्यातल्या चेहऱ्याशीच केली, हाताशी नाही. गॅदरिंगला चेहऱ्यावर पॅनकेक मेकअप असतो आणि हातांवर बहुधा नसतो, म्हणून चेहरा हाताशी जुळवायला गेलं की दोन्ही बिघडतात. तिची कांती सावळी आहे आणि ती सुंदर आहे. फोटोत ती तशीच दिसते, याचा मला आनंद आहे.

ब्लॅक अँड व्हाइटचा सल्ला चुकीचा नाही, तो वेगळ्या फोटोसाठी आहे. फक्त निळाच दिवा असेल आणि दुसरा कुठलाच उजेड नसेल, तर मीही तेच करतो. लाइटरूममध्ये टेम्परेचर 50000 पर्यंत नेलं तरी असा फोटो निळाच राहतो. इथे अर्ध्या चेहऱ्यावर पांढरा उजेड होता, म्हणून रंग वाचवता आला. नऊवारीचा रंग वाचला नाही. ती मुळात हिरवी आहे, पण तिच्यावर हिरवा उजेडच पडत नसल्यामुळे काळी उतरली. ती परत हिरवी रंगवता आली असती, पण मग ते फोटो सुधारणं राहिलं नसतं, चित्र काढणं झालं असतं.

पुढच्या गॅदरिंगला जाल तेव्हा ऑटो व्हाइट बॅलन्स बंद ठेवा. नाहीतर दर फ्रेमला रंग उडी मारतो आणि एका फोटोवर ठरवलेले आकडे पुढच्या फोटोला लागत नाहीत. हिस्टोग्राम तीन रंगांचा वेगवेगळा लावा. एकत्र हिस्टोग्राममध्ये हिरव्याचं वजन जास्त असतं, त्यामुळे लाल तुटत असतानाही तो निवांत दिसतो. लाल उजव्या भिंतीला टेकला की एक स्टॉप खाली या. आणि एलईडीचे रंग बदलत असताना सलग फ्रेम काढा. किरमिजीवरून पिवळ्यावर जाताना हिरवे डायोड पेटतात. त्या क्षणाची एखादी फ्रेम मिळाली तर वरचं बरंचसं काम करावंच लागत नाही.

हा फोटो मी मुलीच्या आईवडिलांना 8 बाय 12 इंचापर्यंतच छापायला सांगितला आहे. त्याहून मोठा केला की किरमिजी बाजूच्या गालावर नॉइजचा दाणा दिसायला लागतो, आणि तो घालवायला गेलं की चेहऱ्याच्या ज्या रेषा निळ्यातून ओढून आणल्या त्याही पुसल्या जातात.