वर्गाचे नाव बदला, सराव आपोआप होतो

दशांश अपूर्णांकांची कार्यपत्रिका तयार करायची असेल, तर सर्वप्रथम वर्गाकडे पाहणे टाळावे. वर्गाकडे पाहिले की मुले दिसतात, मुले दिसली की त्यांच्या वह्या आठवतात, आणि वह्या आठवल्या की तयार साच्यातले वीस प्रश्न जसेच्या तसे छापण्याचा उत्साह मावळतो.

दुसरी पायरी म्हणजे वरच्या कोपऱ्यातील तुकडीचे नाव बदलणे, आणि तेही राहून गेले तरी चालते, कारण कोणी वाचत नाही.

माझ्याकडे नुकत्याच आलेल्या कार्यपत्रिकेत हे दोन्ही नियम निष्ठेने पाळलेले होते. वर दुसऱ्याच तुकडीचे नाव होते, सूचनेत ‘शेजारील चित्र पाहा’ असे म्हटले होते आणि शेजारी समास होता. खाली ‘योग्य चिन्ह भरा’ या सूचनेसह संख्यांच्या वीस जोड्या होत्या. मुलांनी ती भराभर सोडवली आणि जवळजवळ सर्वांना पूर्ण गुण मिळाले. दुसऱ्या दिवशी मी फळ्यावर ०.६ आणि ०.४५ लिहून मोठी संख्या कोणती, असे विचारले, तर अर्ध्याहून अधिक हात ०.४५ च्या बाजूने वर गेले. पंचेचाळीस सहापेक्षा मोठेच असतात, असे कारणही मिळाले.

तेव्हा तिसरा आणि सर्वांत मोलाचा सल्ला असा की, जोड्या निवडताना दोन्ही संख्यांत दशांश चिन्हानंतर तितकेच अंक येतील याची काटेकोर काळजी घ्यावी. ०.३२ आणि ०.४५, ०.७ आणि ०.२, १.२५ आणि १.५२ अशा जोड्या द्याव्यात. यांचे सौंदर्य असे की, दशांश चिन्हावर बोट ठेवून ते झाकले आणि ३२ व ४५ या पूर्ण संख्या समजून तुलना केली, तरी प्रत्येक उत्तर बरोबर येते. ज्या मुलाला दशांश स्थान म्हणजे काय हे कळलेले नाही, त्यालाही पूर्ण गुण मिळतात. ज्याला ते कळले आहे, त्यालाही तितकेच मिळतात. दोघांत काडीचा फरक न करणारी याहून समतावादी कार्यपत्रिका शोधून सापडणार नाही. शिवाय >, < आणि = अशी तीन चिन्हे द्यावीत, पण वीसांपैकी एकाही जोडीचे उत्तर = येऊ देऊ नये. तिसऱ्या ओळीपर्यंत मुलांच्या लक्षात येते की ते चिन्ह शोभेचे आहे.

काही अतिउत्साही मंडळी येथे थांबत नाहीत. ती आधी वर्गाला कोणतीही सूचना न देता तीन जोड्या कोऱ्या कागदावर सोडवायला लावतात: ०.६ आणि ०.४५, ०.३ आणि ०.४७, ०.५ आणि ०.५०. जे मूल लांब दिसणारी संख्या मोठी मानते, ते पहिली जोडी चुकते, पण दुसरी बरोबर सोडवते. ज्याने ‘शतांश हे दशांशापेक्षा लहान असतात’ एवढेच अर्धवट लक्षात ठेवले आहे, ते शतांशात लिहिलेली प्रत्येक संख्या लहान ठरवते; म्हणून त्याची पहिली जोडी बरोबर येते आणि दुसरी चुकते. तिसरी जोडी दोघांचेही भांडे फोडते, कारण एकाला ०.५० मोठी वाटते आणि दुसऱ्याला ०.५. तीनच प्रश्नांत कोणाचे काय अडले आहे हे बऱ्यापैकी कळते. पण मग ते कळल्यानंतर काहीतरी करावे लागते, आणि हीच त्या पद्धतीची मोठी गैरसोय आहे.

करायचे झाले, तर ते फार नसते. माझ्या वर्गात बहुतेक मुले पहिल्या प्रकारची निघाली, म्हणून मी वीसऐवजी आठ जोड्या ठेवल्या. त्यांतल्या तीन ०.६ आणि ०.४५ सारख्या, दोन उलट्या, म्हणजे ०.३ आणि ०.४७ सारख्या, दोन ०.०८ आणि ०.२ सारख्या, ज्यांत दशांश स्थानी शून्य आहे, आणि एक समान संख्यांची. उलट्या जोड्या वगळल्या असत्या, तर मुलांनी दोन दिवसांत ‘आखूड ती मोठी’ असा नवा नियम शोधून काढला असता आणि माझ्या कार्यपत्रिकेनेच तो पक्का केला असता. ‘योग्य चिन्ह भरा’ ही सूचना काढून तिच्या जागी असे लिहिले: ‘दोन्ही संख्यांतील दशांश स्थानच्या अंकाभोवती गोल करा. ते अंक वेगळे असतील, तर त्यांची तुलना करून चिन्ह भरा. ते सारखे असतील, तरच शतांश स्थानचे अंक पाहा; तेथे अंक नसेल, तर शून्य माना.’ सर्व संख्यांचा पूर्णांक भाग शून्यच ठेवला, कारण ही सूचना पूर्णांक भाग समान असेल तेव्हाच चालते. शेवटच्या दोन जोड्यांना ‘गोल न करता सोडवा’ असे लिहिले. नाहीतर मूल गोल करायला शिकते, तुलना करायला नाही.

गृहपाठासाठी मात्र साच्यातील ‘पालकांनी मदत करावी’ ही ओळ अवश्य ठेवावी. मग घरोघरी ०.६ च्या पुढे शून्य लावून ०.६० करण्याची युक्ती शिकवली जाते, उत्तरे सगळी बरोबर येतात आणि मूल पुन्हा ६० आणि ४५ यांचीच तुलना करत राहते. शून्य का लावता येते हे त्याने विचारलेले नसते आणि कोणी सांगितलेलेही नसते. त्याऐवजी मी शंभर चौकटींचे दोन चौरस दिले आणि सूचना लिहिली की, एकात ०.६ आणि दुसऱ्यात ०.४५ रंगवा, व कोणती संख्या मोठी ते ‘कारण’ हा शब्द वापरून एका वाक्यात लिहा. सहा पूर्ण उभ्या पट्ट्या एकीकडे आणि चार पट्ट्या व पाच चौकटी दुसरीकडे रंगवल्यावर पंचेचाळीसचा रुबाब उतरतो.

‘सुवाच्य अक्षरात लिहा’ ही सूचना ठळक करावी.

आणि जी मुले चुकतील, त्यांच्यासाठी ‘अधिक सराव’ या मथळ्याखाली त्याच प्रकारच्या आणखी वीस जोड्या जोडाव्यात. येथे मात्र माझा उपरोध संपतो. अहो, जे मूल दशांश चिन्ह झाकून गणित सोडवते, त्याला चिन्ह झाकून सुटणारी आणखी वीस गणिते देऊन तुम्ही नक्की कशाचा सराव घेत आहात? चुकीच्या समजुतीचाच ना? ती समजूत दर बरोबरच्या खुणेगणिक पक्की होत जाते, आणि पुढे बेरजेत ०.६ आणि ०.४५ यांचे उत्तर ०.५१ आले की तुम्हीच म्हणता, मुलांचे लक्ष नसते. लक्ष मुलांचे नसते की तुमचे? वह्या तुमच्याच टेबलावर असतात. वीस जोड्यांमधून बारा खोडायला आणि उरलेल्यांत एकेक अंक कमी-जास्त करायला एक खोडरबर आणि पाव तास लागतो. तेवढा वेळ नसेल, तर ती पत्रिका वाटू नका. मुलांना रिकामे बसू द्या. निदान चुकीचे तरी काही घट्ट होणार नाही. आणि शेजारी चित्र नसेल, तर ‘चित्र पाहा’ हे वाक्य तरी खोडा.