दोनच बिअर

आज जेवायच्या टेबलावर पुन्हा तेच ऐकलं, "बिअर काय, ती दारू थोडीच आहे!" तेव्हा गप्प बसले, पण आता लिहिल्याशिवाय झोप येणार नाही.

मागच्या वर्षी दादाला डॉक्टरांनी विचारलं, रोज किती घेता? तो म्हणाला, दोनच बिअर. खोटं बोलला नाही बिचारा. डॉक्टरांनी 'रोज 2 ड्रिंक' असं लिहिलं आणि पुढे गेले. मी शेजारीच बसले होते.

घरी येऊन त्याचा कॅन हातात घेतला. 500 मिली, 8 टक्के. म्हणजे आत 40 मिली शुद्ध अल्कोहोल. अल्कोहोल पाण्यापेक्षा हलकं, म्हणून 0.79 ने गुणायचं: जवळजवळ 32 ग्रॅम. स्टँडर्ड ड्रिंक म्हणजे 10 ग्रॅम धरलं, तर एका कॅनमध्ये तीन. दोन कॅनमध्ये सहा. कागदावर मात्र दोन!

ग्लास लहानमोठे का असतात, हेच कुणी सांगत नाही. धान्य किंवा द्राक्षं आंबवली की यीस्ट साखरेचं अल्कोहोल करतं. साधी बिअर 5 टक्क्यांच्या आसपास राहते, वाइन 12-13 पर्यंत जाते. त्याहून फार वर गेलं की अल्कोहोलच यीस्टला मारतं. व्हिस्की, रम त्यापुढे ऊर्ध्वपातन करून 40 टक्क्यांवर नेतात. म्हणून 250 मिली साधी बिअर, 100 मिली वाइन आणि 30 मिली व्हिस्की, तिन्हींत अल्कोहोल जवळपास सारखंच, 10 ग्रॅमच्या आसपास. फरक पाण्याचा. यकृताला ग्लासचा आकार दिसत नाही हो!

बरं, मान्य आहे, पोटात अन्न किती, वजन किती, किती भरभर प्यायलं, यानेही फरक पडतो. आणि 10 ग्रॅम हे मोजायचं माप आहे, 'एवढं चालतं' असा परवाना नाही. त्यात ब्रिटनचं युनिट 8 ग्रॅमचं, अमेरिकेचं ड्रिंक 14 ग्रॅमचं. म्हणजे नुसतं 'दोन' म्हणून काहीच कळत नाही.

मला राग दादाचा नाही. इतकी वर्षं तो प्रामाणिकपणे 'दोनच' म्हणत आला, आणि आम्ही सगळे त्या 'दोनच'वर निश्चिंत राहिलो, याचा येतो. डॉक्टरांना तरी काय बोलू, त्यांनी कॅन पाहिलाच नव्हता. पण 'किती मिलीचा, किती टक्क्यांचा' एवढं विचारायला किती वेळ लागतो?

परवा दादाने आपणहून मापाचा कप मागितला. नेहमीसारखा अंदाजाने 'छोटा पेग' ओतला, पण यावेळी व्हिस्की नाही, पाणी. मग ते कपात ओतून पाहिलं. 55 मिली भरलं. बराच वेळ तो कपाकडे बघत बसला. मग म्हणाला, "पुढच्या वेळी डॉक्टरांकडे हा कप घेऊनच जाऊ."