महालक्ष्म्यांचा माळा आणि माझ्या लेकाचा दम

गणपती पंधरा दिवसांवर आलेत. आमच्या गल्लीत माळे उतरवायला सुरुवातही झालीय. म्हणून हे आत्ताच लिहितेय, सणाच्या दिवशी वाचून उपयोग नाही.

माझा मुलगा दहा वर्षांचा आहे, त्याला दमा आहे. आमच्याकडे सोलापुरात गौरी म्हणत नाहीत, महालक्ष्म्या म्हणतात, आणि आमच्या घरात त्या उभ्याच्या असतात. तीन वर्षांपूर्वी ज्येष्ठेच्या दिवशी, पुरणावरणाचं ताट वाढून तयार असताना, त्याला उचलून दवाखान्यात न्यावं लागलं. नेब्युलायझर लावून दोन तासांनी घरी आणलं. घरी आल्यावर सगळ्यांचं एकच म्हणणं, "धुपाचा त्रास झाला पोराला." मलाही तेच वाटलं. पुढच्या वर्षी धूप बंद केला, तरी खोकला झालाच. मग शेवंतीवर संशय घेतला, मग केवड्यावर. खरं कारण चार दिवस आधी आमच्याच हातांनी माळ्यावरून खाली उतरलं होतं, ते कळायला दोन सण गेले.

कळलं कसं, तर पीक फ्लो मीटरमुळे. जोरात फुंकायची प्लास्टिकची नळी असते, मेडिकलमध्ये मिळते, आणि फुंकर किती जोरात गेली ते काट्यावर दिसतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं की बरा असताना त्याचा सर्वात चांगला आकडा लिहून ठेवा. तो 250 येतो. 250 च्या ऐंशी टक्के म्हणजे 200. त्याच्या खाली आला की सावध व्हायचं, आणि निम्म्याच्या, म्हणजे 125 च्या खाली गेला तर दवाखान्यात जायला थांबायचं नाही. मी सकाळ-संध्याकाळचे आकडे वहीत लिहायला लागले. दोन वर्षांपूर्वी रविवारी दुपारी दोन वाजता माळा काढला. मुलगा खालीच उभा राहून हौसेनं एकेक पेटी धरत होता. चार शिंका आल्या, नाक गळलं, पण संध्याकाळी सातला आकडा 235. आम्ही निर्धास्त. रात्री दीड वाजता खोकत उठला, फुंकायला लावलं तर 160.

इथेच बहुतेक घरं फसतात. ॲलर्जीचा पहिला झटका पंधरा-वीस मिनिटांत येतो आणि तासा-दोन तासांत ओसरतो, तो शिंकांचा. पण श्वासनळीची खरी सूज हळूहळू चढते, चार-आठ तासांनी, कधी त्याहूनही उशिरा. दुपारची धूळ रात्री छातीत बोलते, आणि आपण रात्रीच्या जेवणात काय खाल्लं ते आठवत बसतो. शिवाय ती सूज एका रात्रीत जात नाही, पुढचे कितीतरी दिवस नळ्या हुळहुळ्या राहतात. अशा नळ्यांना मग कशानंही झोंबतं. एरवी ज्या एका उदबत्तीनं काही झालं नसतं, तीच पूजेच्या दिवशी दम लावते. धुरानं ॲलर्जी होत नाही, धूर नुसता झोंबतो, आणि झोंबण्याइतकी नळी आधीच सोललेली असते. आमच्याकडे नाव धुपाचं झालं, आणि काम केलं होतं माळ्यानं.

माळ्यावर काय होतं ते सांगते. मखमली पडदे तीन, कापडी फुलांच्या माळा, साड्यांची ट्रंक, मुखवट्यांची पेटी, आणि महालक्ष्म्यांची कापडी धडं. ती माझ्या आजेसासूबाईंच्या हातची. बाहेरून खणाचं कापड, आत काय आहे ते इतक्या वर्षांत कुणी पाहिलंच नव्हतं. मागच्या वर्षी आईंनी (माझ्या सासूबाईंनी) गच्चीवर बसून स्वतः शिवण उसवली. आतून कळकट कापसाचे गोळे निघाले, जुन्या गाद्यांच्या चिंध्या, आणि बोटांना पिठासारखी चिकटणारी राखाडी भुकटी. हात झटकला तर उन्हात तो लोट तरंगताना दिसत होता. आई काही वेळ बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, "हे मी दरवर्षी त्याच्या समोर झटकायले की गं."

गाद्या, उश्या, चिंध्या, जाड पडदे यांत डोळ्यांना न दिसणारे धुळीचे किडे राहतात. आपल्या अंगाच्या कोंड्यावर जगतात आणि पावसाळ्याच्या दमट हवेत वाढतात. ॲलर्जी होते ती मुख्यतः त्यांच्या विष्ठेची, म्हणूनच "ऊन दाखवलं, झालं" हे पुरत नाही. कडक उन्हात किडे मरतील, पण विष्ठा कापडातच राहते. ती फक्त धुण्यानं जाते. साध्या पाण्यानंही बरीचशी निघते, पण किडेही मारायचे तर पाणी साठ अंशाच्या आसपास हवं, म्हणजे हात घालवणार नाही इतकं कढत.

मागच्या वर्षी आम्ही काय केलं ते सविस्तर लिहिते, कारण "स्वच्छता ठेवा" असं सांगून कुणाला काहीच कळत नाही.

माळा सणाच्या आदल्या आठवड्यात काढला, आणि त्याआधी मुलाला अक्कलकोटला मावशीकडे दोन रात्री पाठवलं. बाकी काही जमलं नाही तरी एवढं जमवाच. दुसऱ्या खोलीत बसवून भागत नाही, कारण कपडे, केस, पंखा यांतून धूळ पोचतेच. पंखा बंद, खिडक्या उघड्या, माझ्या तोंडाला एन-95 मास्क. काहीही झटकायचं नाही, झाडू लावायचा नाही, सगळं ओल्या फडक्यानं टिपायचं आणि फडकं दर दहा मिनिटांनी बादलीत पिळायचं. साध्या व्हॅक्यूम क्लिनरनं मी एकदा केलं होतं, तो बारीक धूळ मागच्या बाजूनं परत खोलीत फेकतो. हवेत उडालेली धूळ खाली बसायला अर्धा-पाऊण तास लागतो, म्हणून तासाभरानं पुन्हा एकदा फरशी पुसली.

धडांचा प्रश्न सर्वात नाजूक होता. आजेसासूबाईंची आठवण होती ती. आतला कापूस टाकून दिला आणि वरचं खणाचं कापड जपलं. त्याला उकळतं पाणी लावायची हिंमत झाली नाही, रंग गेला असता. कोमट पाण्यात दोनदा धुतलं, कडकडीत वाळवलं आणि लोखंडी स्टँडवर चढवलं. नेसवताना कुणाला फरक कळला नाही. मखमली पडदे कायमचे गेले. त्याजागी मागे आईंच्या दोन इरकली साड्या ताणून लावल्या, धुतलेल्या आणि इस्त्री केलेल्या. कापडी फुलं गेली, दोन्ही बाजूंना केळीचे खांब आले. आंब्याचे डहाळे बादलीभर पाण्यात बुचकळून मगच तोरण केलं, रस्त्याकडेच्या झाडावर किती धूळ बसते ते पाणी बघून कळलं.

साड्यांच्या ट्रंकेत डांबरगोळ्या होत्या. त्या वासानंच मुलगा खोकायचा. तो वास परकराला आणि पदराला इतका मुरतो की एका दिवसात जात नाही. साड्या चार दिवस गच्चीवरच्या खोलीत, सावलीत, दोरीवर मोकळ्या सोडल्या, तेव्हा कुठे गेला. वर अत्तर किंवा रूम फ्रेशनर मारून तो झाकू नका, झोंबणारी आणखी एक गोष्ट वाढते.

आता फुलं. लोक सगळ्यात जास्त घाबरतात ती यांना, आणि मला वाटतं उगाच. झेंडू, शेवंती यांचे पराग जड आणि चिकट असतात, किडे-मधमाश्यांसाठीच असतात, हवेत फारसे उडत नाहीत. ताजी फुलं मूर्तीपाशी राहू द्या, फक्त मुलाला पाकळ्या तोडायला बसवू नका आणि निर्माल्य रोजच्या रोज घराबाहेर काढा, कारण ओल्या फुलांच्या ढिगाला दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बुरशी लागते. केवड्याची गोष्ट मात्र वेगळी. आपण कणीस म्हणून आणतो तो नर फुलोरा, त्याचे पराग कोरड्या पिठासारखे आणि वाऱ्यावर उडणारे. उघडताना हाताला पिवळट पूड लागते ना, तीच. आम्ही अंगणात उघडून आतला तुरा तिथेच काढला, आणि एक पान तेवढं पायाशी वाहिलं. पूजा झाल्यावर तेही बाहेर. दुर्वा-आघाडा मोकळ्या प्लॉटवरून आणत असाल तर शेजारी काँग्रेस गवत फुललेलं असतंच, त्याचे पराग ॲलर्जीला फार वाईट. गवताच्या जुडीबरोबर तेही घरात येतं. जुडी दारातच पाण्यात धुवा.

पावलं आम्ही रांगोळीनं काढली नाहीत. कोरडी रांगोळी म्हणजे दगडाची बारीक पूड, दुसऱ्या दिवशी झाडली की घरभर होते. कुंकवाच्या पाण्यात मूठ बुडवून फरशीवर ठसे उठवले आणि वर बोटांचे ठिपके दिले. सुंदर दिसतात, आणि पुसायला एक ओलं फडकं पुरतं.

उदबत्तीवरून घरात बोलाचाली झालीच. "देवीला धूपदीप नको, असं कसं चालेल?" असं आमच्या मोठ्या जाऊबाई म्हणाल्या. आईंनीच उत्तर दिलं, "समई आहे की. उदबत्ती तुळशीपाशी लावू, देवी काय उंबऱ्यावर थांबती का?" एक उदबत्ती, अंगणात, आरतीपुरती. कापूरही तिथेच.

मागच्या वर्षीचे आकडे वहीत आहेत. आवाहनाच्या संध्याकाळी 245. ज्येष्ठेला सकाळी 245, संध्याकाळी हळदीकुंकवाला घर बायकांनी भरलं, कुणाच्या अंगाला अत्तर, कुणाच्या गजऱ्यात निशिगंध, आणि आकडा 215 वर आला. मुलाची खोली आधीपासून बंद होती, तिथे तोरणही नव्हतं. तो आत जाऊन बसला, रात्री 235. दवाखाना नाही, रात्रीची जाग नाही. पण हे सगळं सजावट बदलल्यामुळेच झालं असं मी म्हणणार नाही. त्याचा रोजचा पंप आम्ही सणातही एक दिवस चुकवला नाही, आणि तातडीचा पंप स्पेसरसकट देव्हाऱ्याशेजारच्या कपाटात, पाहुण्यांनाही दिसेल असा होता. धूळ कमी केली म्हणून औषध कमी करायचं नसतं. आणि प्रत्येकाला धुळीचीच ॲलर्जी असते असंही नाही. कुणाला बुरशीची असेल, कुणाला नुसता धूरच झोंबत असेल. म्हणून वही ठेवा, माळा काढलेल्या दिवसापासून, वेळेसकट.

मूळ नक्षत्रावर विसर्जन झालं की आपण दमलेले असतो, सगळं कोंबून वर टाकतो. पुढच्या वर्षीचा दम तिथेच भरला जातो. आम्ही मागच्या वर्षी इरकली साड्या, खणाचं कापड, चौरंगावरचं वस्त्र सगळं धुतलं, दोन दिवस खडखडीत वाळवलं आणि झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात ठेवलं. जराही ओल राहिली तर आत बुरशी धरते. डांबरगोळी एकही नाही. झाकणावर आईंनी मुलाकडून कागद चिकटवून घेतलाय, त्याच्याच अक्षरात: "धुतलेलं आहे. झटकू नये."