दोन कॅमेऱ्यांत अख्खं दुकान?

"2.8 मिमी लेन्सचा कॅमेरा 90 अंश पाहतो आणि जितका उंच लावाल तितकी जास्त जागा दिसते. दुकानाच्या क्षेत्रफळाला एका कॅमेऱ्याच्या व्याप्तीने भागा, कॅमेऱ्यांची संख्या मिळाली. 12 बाय 9 मीटरला साडेचार मीटर उंचीवर दोन पुरे."

दुकानात सीसीटीव्ही लावताना सांगितला जाणारा हा हिशोब फसवा आहे. कोनापासून सुरुवात करू. 90 अंशांत चित्राची रुंदी अंतराच्या दुप्पट असते: 4 मीटरवर 8 मीटर, 8 मीटरवर 16. फुल एचडी चित्रातले आडवे 1920 पिक्सेल मात्र तेवढेच राहतात. म्हणजे 4 मीटरवर मीटरमागे 240 आणि 8 मीटरवर 120. अनोळखी माणसाचा चेहरा ओळखायला आयईसी 62676-4 या सीसीटीव्हीच्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या 2014 च्या आवृत्तीत मीटरमागे 250 धरले होते, ओळखीच्या माणसाला 125. चार मीटरच्या पुढे अनोळखी माणूस दिसतो, पण कोण ते सांगता येत नाही. क्षेत्रफळाच्या भागाकारात ही गोष्ट कुठेच येत नाही.

उंचीचं गणित तर उलटंच आहे. चेहरा साधारण 1.6 मीटरवर असतो, आणि वरून 20 अंशांपेक्षा जास्त तिरकं पाहिलं की टोपी-कपाळच जास्त दिसतं (हा माझा अंगवळणी पडलेला आकडा, कायदा नव्हे). कॅमेरा 3 मीटरवर असेल तर हा कोन सुमारे 3.9 मीटर अंतरावर मिळतो, जिथे पिक्सेलही जवळपास पुरतात. साडेचार मीटरवर टांगला तर त्यासाठी 8 मीटर लांब जावं लागतं आणि तिथे पिक्सेल निम्मे झालेले असतात. जवळ आलात तर टाळू, लांब गेलात तर धुरकट चेहरा.

एक गोष्ट मान्य: रॅकच्या मागे डोकावायला उंची मदत करते. 1.8 मीटर उंच रॅक 6 मीटरवर आडवा असेल तर 3 मीटरवरच्या कॅमेऱ्याला त्यामागच्या 1 मीटरमधले चेहरे दिसत नाहीत. साडेचारवरून ही पट्टी अर्ध्या मीटरच्या आत येते. पण रॅकच्या गल्लीत कॅमेरा गल्लीच्या लांबीच्या दिशेने लावला की हा प्रश्नच उरत नाही.

आता त्याच दुकानात रॅकच्या दोन लांब रांगा आणि तीन गल्ल्या धरा. प्रत्येक गल्लीच्या टोकाला 3 मीटरवर एक 2.8 मिमी कॅमेरा. 12 मीटरवर मीटरमागे 80 पिक्सेल राहतात, म्हणजे हालचाल पाहायला पुरेसे. मधला कॅमेरा उलट टोकाला लावा. सुमारे 30 अंश खाली झुकवलेल्या कॅमेऱ्याच्या पायाशी जवळपास दोन मीटर जमीन दिसत नाही, आणि गल्ल्यांच्या टोकांच्या मोकळ्या जागेत तरी समोरचा कॅमेरा थोडी भर घालतो. दारासाठी 4 मिमी लेन्स घ्या. तिचा कोन साधारण 70 अंशांचा, त्यामुळे 250 पिक्सेल साडेपाच मीटरपर्यंत टिकतात. पैशांच्या गल्ल्यावर आणखी एक, दारावरच्या कॅमेऱ्यात गिऱ्हाइकाची पाठ येते म्हणून. झाले पाच.

कॅमेरे पक्के बसवण्याआधी खात्री करायची असेल तर दारातून एकाला आत चालत यायला सांगा आणि रेकॉर्डिंगमधलं चित्र थांबवून पाहा. थेट चित्रात हलणारा माणूस ओळखल्यासारखा वाटतो. थांबवलेल्या चित्रात तो ओळखू येतो का ते बघा.