गच्चीवर गेलेला नवरा खाली कधी येतो?

वाचकाची प्रतिक्रिया: «तुमचा लेख वाचला आणि राग आला. ‘जोडीदाराला एकांत द्या’ हे लिहायला सोपं आहे. माझे यजमान वेर्ण्याला कंपनीत आहेत. साखळीला घरी पोचतात ते सात वाजता, आणि बूट काढले की थेट गच्चीवर. मी दिवसभर सासूबाई आणि चार वर्षांच्या मुलाबरोबर घरात. काही विचारलं की ‘म्हाका मातशें रावूं दी गो’ एवढंच. म्हणजे त्यांना जागा हवी आणि मला नवरा नको, असं समजायचं का? हे सगळे लाड पुरुषांचेच.»

ताई,

तुमचा राग योग्य जागी आहे, फक्त तो एकांतावर निघाला आहे. तुमच्या घरात जे चाललंय त्यात एकांत कुणी मागितलेलाच नाही. तो घेतला जातोय. बूट काढून जिना चढणाऱ्या माणसाने तीन गोष्टी सांगितलेल्या नाहीत: का जातोय, किती वेळ, आणि परत आल्यावर काय. या तिन्ही रिकाम्या जागा तुम्ही खाली बसून स्वतःच भरता, आणि थकलेलं मन त्या नेहमी वाईटच भरतं. ‘मी नकोशी झाले’ हा निष्कर्ष तिथूनच येतो.

आधी त्यांच्या बाजूचं थोडं सांगते, कारण ते तुम्हाला उपयोगी पडेल. रीना रेपेटी या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी विमानवाहतूक नियंत्रक आणि त्यांच्या बायकांचा एक अभ्यास केला होता, तो 1989 साली प्रसिद्ध झाला. थोड्याच जोडप्यांवरचा, पण बोलका. ज्या दिवशी कामाचा ताण जास्त, त्या संध्याकाळी हे लोक घरात कमी बोलत, बाजूला होत. बायकोशी बिनसलं होतं म्हणून हे होत नव्हतं, दिवस जड गेला की होत होतं. आणि बायको सांभाळून घेत असेल, तर अशा संध्याकाळी नवरा जास्त बाजूला होई, पण चिडचिड कमी करी. म्हणजे काही माणसांचं डोकं शांत व्हायला खरंच थोडा वेळ लागतो. मात्र हे वाचून यजमान खूश होणार असतील तर त्यांना एवढंही सांगा, की ‘नवरा बाजूला असताना पोराला जेवण कुणी भरवायचं’ या प्रश्नाचं उत्तर त्या अभ्यासात नाही.

डिचोलीच्या एका जोडप्याचं सांगते. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) तोही कारखान्यात, ती घरी, मुलगी लहान, सासू बरोबर. दोघांनी माझ्यासमोर बसून ठरवलं की आल्यावर अर्धा तास त्याचा. आठवडाभरात बेत फसला. तो खोलीत मोबाईल घेऊन बसायचा, अर्ध्या तासाचे दोन तास व्हायचे, शेवटी ती दार वाजवायची आणि तो म्हणायचा, ‘बघा, अर्धा तासही मिळत नाही.’ तिला दार वाजवावं लागतं, तिथेच सगळं बिघडतं. दार वाजवणारी ती कटकटी ठरते आणि बाहेर येणारा तो उपकार केल्यासारखा येतो.

मग आम्ही अर्धा तास तसाच ठेवला, त्याच्या दोन्ही टोकांना बदल केला. आल्याबरोबर तो गायब होणार नाही. आधी दहा मिनिटं सगळ्यांबरोबर चहा, मुलीला मांडीवर घेऊन. दिवसभर वाट पाहिलेल्या माणसाच्या समोरून कुणी सरळ निघून गेलं तर लागतं. भेटून गेलं तर तेवढं लागत नाही. त्यानंतर तो वर जाईल, पण मोबाईल स्वयंपाकघरातल्या फळीवर राहील. मोबाईलवर वेळ कळत नाही, आणि खाली बसलेल्या बायकोला ‘माझ्याशी बोलायला दमलास, बाकी जगाशी नाही’ असं वाटतं, त्यात तिचं काय चुकलं? आणि सर्वांत महत्त्वाचं, ठरलेल्या वेळी तो आपणहून, कुणी हाक मारायच्या आधी खाली येईल आणि येऊन एक ठरलेलं काम हातात घेईल. त्याच्या वाट्याला मुलीची आंघोळ आली.

बोलायचं वाक्यही बदललं. आधी तो म्हणायचा, ‘मला जरा एकटं सोड.’ यात ‘सोड’ म्हटलं की धरणारी ती झाली, म्हणजे दोषी तीच. नंतर म्हणू लागला, ‘आज मशीन दोनदा बंद पडलं, डोकं बधिर झालंय. पावणेआठपर्यंत वर बसतो, मग आंघोळ मी घालतो.’ कारण घराबाहेरचं आहे, वेळ घड्याळावरची आहे, आणि परत येण्याला काम जोडलेलं आहे. शब्द गोड नाहीत, पण तिला त्यात शंका घ्यायला जागा राहिली नाही. हेच वाक्य त्याने तिच्या सासूसमोर मोठ्याने बोलायचं, हे मी मुद्दाम सांगितलं होतं. एकत्र घरात माणूस न बोलता जिना चढला की सासू विचारते, ‘भांडलात की काय?’ आणि त्याचं उत्तर द्यावं लागतं सुनेला.

हे जमतंय की नाही ते ओळखायचं कसं? पहिल्या काही दिवसांत वेळ दहा मिनिटं पुढे-मागे होणारच. पण परत येणं सतत तुमच्या हाकेवर अवलंबून असेल, किंवा खाली आल्यावरही माणूस तुमच्याकडे न बघता जेवून झोपत असेल, तर तो विसावा नाही, टाळणं आहे. मग वेळ वाढवून देऊन काही होणार नाही. काय टाळलं जातंय ते सुट्टीच्या दिवशी, सकाळी, दोघांचं पोट भरलेलं असताना विचारा. सात वाजता दारात कधीच नाही. आणि दारात विचारायचंच झालं तर ‘का जाताय?’ ऐवजी ‘किती वाजता येणार?’ विचारा. पहिल्याला उत्तर म्हणून वाद येतो, दुसऱ्याला वेळ.

भांडण झाल्यावर दिवसच्या दिवस अबोला धरणं याला मात्र मी एकांत म्हणणार नाही. भांडणात डोकं तापलं तर वीसेक मिनिटं किंवा तासभर थांबावं, शरीराला शांत व्हायला तेवढा वेळ लागतो, पण ‘रात्री जेवल्यावर पुन्हा बोलू’ असं सांगून. न सांगता गप्प राहून समोरच्याला झुरवणं ही शिक्षा आहे, आणि तुमच्या घरात तसं असेल तर वरचं वेळापत्रक तिथे चालणार नाही.

आता ‘लाड पुरुषांचेच’ याबद्दल. डिचोलीच्या त्या बाईला मी विचारलं, तुझा अर्धा तास कुठला? ती हसली, म्हणाली, मुलगी झोपली की भांडी घासताना. तो वेळ तिचा नव्हता. मग रविवारी सकाळी नऊ ते अकरा तिचे ठरले. मुलगी आणि सासू त्याच्याकडे, नाश्ताही त्याच्याकडे. पहिल्या रविवारी त्याने तिला तीनदा फोन केला: फ्रॉक कुठे, दूध किती, ती रडतेय. तिसऱ्या फोननंतर तिने मोबाईल बंद केला आणि मये तळ्याकाठी बसून राहिली. त्या रविवारनंतर त्याचं संध्याकाळी वेळेवर खाली येणं बरंच सुधारलं, असं तीच मला म्हणाली.

म्हणून तुमच्याकडे क्रम उलटा ठेवा. यजमानांशी बोलाल तेव्हा आधी तुमचा वार आणि तुमची वेळ ठरवून घ्या, सासूबाईंसमोर. त्यांच्या गच्चीचं त्यानंतर बोलू.