खिडकीवरच्या तड्याबद्दल आमचं उत्तर

★★ "मानेवाड्याचं आमचं घर यांनी बांधलं. सहा महिन्यांत बेडरूमच्या खिडकीवर तिरपा तडा गेला. काळी माती आहे म्हणून प्लिंथ बीमचे वेगळे पैसे घेतले, तरी घर खचलंच. फोन केला तर दोन आठवडे उचलला नाही. आता म्हणतात दुरुस्तीला साडेअठरा हजार आणि पंधरा दिवस खोली बंद. अर्धा फूट खिडकी मोठी केली म्हणून कोणाचं घर फाटतं का? विचार करून काम द्या."

ताई, नमस्कार. फोन उचलला नाही ही चूक आमचीच, त्याची माफी मागतो. पावसाच्या आधी स्लॅब टाकायची सगळ्यांचीच घाई असते, त्यात मी अडकलो होतो. पण निदान मेसेजला उत्तर द्यायला हवं होतं.

फोनचं मान्य. "घर खचलंच" हे मात्र मान्य नाही. हे वाचून परवा बेशाच्या एका पार्टीने मला विचारलं, "भाऊ, तुमची घरं खचतात म्हणे?" वडिलांपासून हाच धंदा आहे आमचा. म्हणून जरा लांब लिहितो, राग मानू नका.

आधी मातीचं बोलू. काळी माती उन्हाळ्यात आकसते आणि पाणी मिळालं की फुगते. मातीमुळे गेलेला तडा मे महिन्यात उघडतो आणि पाऊस चांगला लागला की मिटायला लागतो, शिवाय बहुतेक वेळा त्याची खूण खाली जोत्यापर्यंत सापडते. तुमच्याकडे १५ जूनला आलो तेव्हा मी जोत्याच्या चारही बाजू बॅटरी लावून पाहिल्या, केसाएवढाही तडा नाही. खिडकीवरच्या तड्यावर पीओपीचे तीन ठिपके लावून पेन्सिलीने तारीख लिहिली, तुमच्या साहेबांसमोर. तडा मिटत असता तर ठिपके दाबले जाऊन सुटले असते. जुलै अख्खा बरसला, तरी ते जागेवर आहेत आणि सगळ्यात वरचा मधोमध फाटलाय. म्हणजे तडा पावसातही उघडतोच आहे.

प्लिंथ बीमचे पैसे वाया गेले असं तुम्हाला वाटतं, पण तो त्याचं काम करतोय. भिंतीचं वजन पायावर सगळीकडे सारखं येत नाही. दाराच्या दोन्ही बाजूंना भिंत असते, दारात काहीच नसतं. मग दोन्ही बाजू खाली दाबतात आणि दाराखालच्या मोकळ्या पट्टीत माती वर ढकलते. प्लिंथ बीम म्हणजे जोत्यातला काँक्रीटचा पट्टा, तो दाराखालून सलग जातो, बाजूचं वजन त्या मोकळ्या जागेवरही पसरवतो आणि मातीचा खालून वर येणारा दाब झेलतो. दार-खिडकीच्या वर वजन पेलायला काँक्रीटची आडवी तुळई टाकतो तो लिंटेल, आणि एका अर्थाने प्लिंथ बीम हा उलटा ठेवलेला लिंटेलच आहे, म्हणून त्यात सळाखी वरही लागतात आणि खालीही. तुमच्या हॉलच्या दारात उंबऱ्यासाठी तो तोडा असं फरशीवाला म्हणत होता, मी तोडू दिला नाही. त्या दारापाशी आजही तडा नाही, बघून घ्या.

आता त्या अर्ध्या फुटाचं. खिडकी पाच फुटांची ठरली होती. जानेवारीत आम्ही तिच्यावर साडेसहा फुटांचा लिंटेल टाकला. दोन्हीकडे नऊ-नऊ इंच तो भिंतीवर टेकलेला, त्यालाच आम्ही बेअरिंग म्हणतो. फेब्रुवारीत स्लॅब झाला. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात तुमच्या खिडकीवाल्याने उजवी बाजू सहा इंच कापली, कारण कूलर बसवून स्लायडिंगही उघडायला हवं होतं. नागपूरचा एप्रिल आहे, कूलर लागतोच, त्याला मी नाव ठेवत नाही. पण मला कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर डावीकडून तीन आणि उजवीकडून तीन असंही मी कापू दिलं नसतं, तुम्हाला लांब लिंटेल टाकून दिला असता.

तुम्ही म्हणता अर्धाच फूट. खिडकीच्या हिशोबाने अर्धाच, पण बेअरिंगच्या नऊ इंचांतले सहा गेले आणि उजवीकडे तीन उरले.

लिंटेलवर किती वजन येतं ते सांगतो. जुन्या भिंतीत दार फोडताना पाहिलं असेल, वरच्या सगळ्या विटा पडत नाहीत. तंबूच्या आकाराचा एक तुकडा पडतो आणि त्याच्या वरची जुडाई आपोआप कमान धरून वजन दोन्ही बाजूंना सरकवते. म्हणून लिंटेलवर एरवी त्या त्रिकोणापुरतंच वजन धरतात. पण त्यासाठी वर भिंत पुरेशी उंच हवी. साडेपाच फुटांच्या खिडकीला तो त्रिकोण जवळपास पावणेपाच फूट उंच होतो. तुमच्या लिंटेलच्या वर स्लॅबपर्यंत भिंत आहे सव्वादोन फुटांच्या आत. कमान बनायला जागाच नाही, स्लॅबचं वजन सरळ लिंटेलवर येतं. बारा फुटांच्या खोलीची अर्धी बाजू, वरची जुडाई आणि लिंटेलचं स्वतःचं वजन मिळून अडीच टनांच्या आसपास. प्रत्येक टोकाला सव्वा टन.

हे सव्वा टन नऊ इंच बाय नऊ इंचावर टेकलं तर चौरस सेंटिमीटरला अडीच किलोच्या आत दाब येतो. आपल्याकडच्या साध्या लाल विटेच्या, एकास सहा सिमेंट-रेतीच्या मसाल्यातल्या जुडाईला साडेतीन किलोच्या आसपास धरतात, म्हणजे आरामात. आता तेच वजन तीन इंचांवर ठेवा. दाब सात किलोच्या वर जातो. टोकाखालच्या छोट्या जागेला दीडपट सूट दिली तरी साडेतीनचे सव्वापाचच होतात.

आणि हे तीन इंचसुद्धा कागदावरचे. छिन्नी-हातोड्याने कापलेल्या बाजूला अख्खी वीट राहत नाही, अद्धे राहतात आणि त्यांच्यातला मसाला हललेला असतो. लिंटेल किंचित वाकला की त्याचं वजन आतल्या कडेवर येतं, म्हणजे नेमकं त्याच अद्ध्यांवर. त्यात उजवीकडे कोपऱ्यापर्यंत भिंतच दीड फूट होती, ती एक फूट राहिली.

सळाखीचंही असंच आहे. लिंटेलमधल्या खालच्या दहा एमएमच्या सळाखी बेअरिंगच्या आत साधारण १९ सेंटिमीटर गेल्या पाहिजेत, तेव्हा त्या काँक्रीटला नीट धरतात. नऊ इंचांत सळाखीच्या टोकापुढचं काँक्रीटचं कव्हर सोडून वीस सेंटिमीटर मिळतात, म्हणून तर नऊ इंच. आता बेअरिंग कमी झाल्यावर सळाखी आत राहिल्या जेमतेम पाच सेंटिमीटर.

"लोखंड कमी टाकलं असेल" असं तुमच्या भावाने घरी म्हटलं, ते मला ऐकू आलं होतं. लोखंड कमी असतं तर लिंटेल मधोमध, खालच्या अंगाला उभा तडकला असता. तिथे हात फिरवून बघा, साफ आहे. डावा कोपराही साफ आहे. तडा उजव्याच कोपऱ्यातून वर स्लॅबकडे तिरपा गेलाय, आणि त्याच टोकाखाली खिडकीच्या बाजूला प्लास्टरची खपली उडून एक उभी बारीक रेघ आली आहे. वीट चेंगरते तेव्हा ती रेघ येते.

आता आमची एक गोष्ट, ती लपवत नाही. एप्रिलच्या शेवटी त्या बाजूला प्लास्टर आमच्याच माणसांनी केलं. कापलेली बाजू त्यांना दिसली होती. मिस्त्रीने मला फोनवर "पार्टीने खिडकी मोठी केली" एवढंच सांगितलं, मीही "करून टाक" म्हटलं आणि जाऊन पाहिलं नाही. तेव्हा काम थांबवलं असतं तर हे सगळं तुमच्या आणि माझ्या दोघांच्याही स्वस्तात झालं असतं. यापुढे स्लॅबनंतर कोणी काही कापलं तर लिहून घेणार आहोत, तसं मिस्त्रीला सांगितलं आहे.

साडेअठरा हजारांत काय येतं तेही लिहितो, कारण "लुटायला बसलेत" असं तुम्ही फोनवर म्हणालात. खिडकी साडेपाच फुटांचीच ठेवायची आहे. मग भिंतीच्या दोन्ही बाजूंना जॅक लावून स्लॅबचं वजन आधी त्यावर घ्यायचं, जुना लिंटेल काढायचा, कापलेली बाजू अख्ख्या विटांनी परत बांधायची आणि सात फुटांचा नवा लिंटेल टाकायचा, दोन्हीकडे नऊ-नऊ इंच. चौकट काढणं, बसवणं, प्लास्टर आणि जॅकचं भाडं धरून तो आकडा आहे. त्यात माझी मजुरी लावलेली नाही, हिशोबाचा कागद साहेबांकडे आहे. पंधरा दिवस मी लांबवत नाही, नव्या लिंटेलखालचे टेके १४ दिवस काढायचे नसतात. सात दिवसांत काढून देणारा कोणी भेटेल, त्याच्याकडून करून घेऊ नका एवढंच म्हणतो.

नुसतं तड्यात पुट्टी भरून रंग मारून द्या असं तुम्ही म्हणालात. ते काम हजारभरात होतं आणि दिवाळीपर्यंत दिसणारही नाही. मी ते करणार नाही. त्यावरून अजून एक तारा कमी करायचा असेल तर करा.

पैशांचं काय ते साहेबांशी बसून बोलू, प्लास्टर आमच्या माणसांनी केलं हे धरून आमच्याकडून काहीतरी कमी करू. पण ठिपका फाटलाय म्हणून एक गोष्ट थांबवता येणार नाही. उद्या सकाळी दहाला पोरगा दोन जॅक आणि फळ्या घेऊन येईल, उजव्या बाजूच्या स्लॅबखाली लावून देईल. त्याचे पैसे नकोत. तोवर त्या भिंतीत ड्रिल मारू नका आणि पलंग खिडकीपासून सरकवून घ्या. कूलर त्या चौकटीला टेकवून ठेवला असेल तर तोही काढा, स्टँडवर ठेवा.